३४७ की ३५०? खाण्याच्या नोंदवहीतले आकडे

हिशेबाच्या खात्यात अनेक वर्षे नोकरी केल्यामुळे आकडा पूर्ण लिहिण्याची सवय माझ्या हाताला लागलेली आहे. वजन कमी करण्यासाठी रोजच्या खाण्याची नोंद ठेवू लागले, तेव्हा थालीपीठ ३४७ कॅलरी आणि चहा ७८ कॅलरी असे शेवटच्या अंकापर्यंतचे आकडे मी मोबाईलमधल्या अ‍ॅपवरून वहीत उतरवून घेत असे. गरजेपेक्षा रोज ४०० कॅलरी कमी खायच्या, असे ठरवले होते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, हा ढोबळ हिशेब धरला तर चार आठवड्यांत सुमारे १.४५ किलो वजन उतरायला हवे होते. सुरुवातीच्या आणि अखेरच्या आठवड्यांतील रोजच्या वजनांची सरासरी काढून पाहिली, तर फरक फक्त ६०० ग्रॅम निघाला. एका दिवसाचे वजन पाण्यामुळे आणि मिठामुळे सहज किलोभर इकडेतिकडे होते, म्हणून सरासरी.

उरलेल्या सुमारे ८५० ग्रॅमचा अर्थ असा होता की माझ्या वहीतून रोज २३० कॅलरींच्या आसपास काहीतरी निसटत होते. माझी मूळ गरजही अंदाजानेच काढलेली असल्यामुळे सगळा दोष वहीवर टाकता आला नसता. तरीही शोध वहीपासूनच सुरू केला.

पहिला संशय पोळीवर गेला. ४०० ग्रॅम कणकेच्या बारा पोळ्या होतात आणि त्यांना एकूण १८ ग्रॅम तेल लागते. कणकेच्या सुमारे १,३६० आणि तेलाच्या १६० कॅलरी मिळून पोळीमागे १२७ येतात. मात्र त्याच पिठाचे गोळे काट्यावर ठेवले, तेव्हा सर्वात लहान ४८ ग्रॅमचा आणि सर्वात मोठा ६१ ग्रॅमचा भरला, म्हणजे सरासरी पोळीपेक्षा कधी पंधरा कॅलरी कमी तर कधी पंधरा जास्त, एवढा फरक हातातच होता. अशा पोळीपुढे १२७ लिहिण्यात काही अर्थ नव्हता. मी १२५ लिहू लागले, आणि एखादी पोळी लहान तर एखादी मोठी येत असल्याने आठवड्याच्या बेरजेत हा फरक बराचसा आपोआप मिटतो.

निसटणाऱ्या कॅलरी पोळीत नव्हत्या. महिनाअखेरीस सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेलाचा डबा संपला, आणायला सांग." तेव्हा मी हिशेब मांडला. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे ४.६ किलो, म्हणजे ४१,४०० कॅलरी. चार माणसे आणि तीस दिवस यांत वाटल्या तर माणशी रोज ३४५. तळणीतून उरलेले आणि टाकून दिलेले तेल वजा केले तरी ३०० उरतात. माझ्या वहीत तेलापुढे रोज ९० होते! फोडणीची पळी काट्यावर आधी रिकामी आणि मग भरून ठेवली, तेव्हा तिच्यात १४ ग्रॅम तेल मावते असे दिसले, आणि मी मात्र प्रत्येक पळी एक छोटा चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅम धरत आले होते. ही चूक पोळीसारखी मिटणारी नव्हती, कारण ती रोज एकाच बाजूला पडत होती.

त्यानंतर मी नोंदीची पद्धत बदलली. पन्नासच्या आतले पदार्थ जवळच्या दहापर्यंत, त्यावरचे जवळच्या पंचवीसपर्यंत आणि दिवसाची बेरीज जवळच्या पन्नासपर्यंत लिहायची. पंचवीसच्या टप्प्यात एका नोंदीत फार तर बारा-तेरा कॅलरींची चूक येते, आणि तीही कधी वर, कधी खाली. अट एकच ठेवली, की आकडा नेहमी जवळच्या टप्प्यावर न्यायचा, मनाला बरे वाटेल त्या टप्प्यावर नाही. सुरुवातीला मी ७० ला ५० आणि ११५ ला १०० करू पाहत होते. दिवसाच्या आठ नोंदींतून असे दहा-पंधरा प्रत्येकी कापले की शंभर कॅलरी कागदावरच नाहीशा होतात. साखर आणि दूध घातलेला चहा 'किरकोळ' म्हणून सोडून देणे हाही त्यातलाच प्रकार. माझे तीन चहा २२५ चे होतात.

काटा आता फक्त तेल, तूप, शेंगदाण्याचे कूट आणि सुके खोबरे यांच्यासाठी बाहेर निघतो, कारण त्यांत एका चमच्याची चूकही महागात पडते. काकडी आणि पालेभाजी मी डोळ्यांनीच मोजते, मात्र त्यांची फोडणी वेगळी धरते. लग्नाच्या पंगतीत जेवले, तर १,००० लिहून त्यापुढे 'अंदाज' अशी खूण करते. पाकिटावर छापलेला आकडासुद्धा प्रथिने आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ४ आणि स्निग्धांशाला ९ अशा सरासरी गुणकांवरून काढलेला असतो, म्हणून तिथला १८३ मी १७५ लिहिते.

पुढच्या चार आठवड्यांत पळीमागे १४ ग्रॅम धरले आणि भाजीची एक पळी कमी केली. सरासरी वजन १.२ किलोने उतरले. वहीत आता एकाही नोंदीच्या शेवटी ७ हा अंक नाही, आणि सासूबाईंना पळीऐवजी चमचा अजून पटलेला नाही.