'गरम झाल्यास' हे दोन शब्द

सकाळी साडेनऊला मसुदा माझ्या टेबलावर आला आणि सूचना त्याच संध्याकाळी जाहीर करायची होती. आमची एक पॉवर बँक बाजारातून परत मागवायची होती. तीन ग्राहकांकडे ती पेटली होती आणि त्यातल्या एकीच्या हाताला भाजलं होतं. कायदा विभागाने लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'खबरदारीचा उपाय म्हणून कंपनी स्वेच्छेने काही उत्पादने परत घेत असून, क्वचित प्रसंगी अतिताप संभवतो. उपकरण गरम झाल्यास वापर थांबवावा.'

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच चूक कुठे आहे ते पटकन दिसत नव्हतं. मी तो कागद फोनवर तक्रारी घेणाऱ्या आमच्या सहकारी ताईंकडे नेला. म्हटलं, "तुमच्या घरी ही पॉवर बँक आहे असं समजा. हे वाचून तुम्ही काय कराल?" त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "चार्जिंगला लावून बघेन, माझी गरम होते का ते."

माझ्या पोटात गोळाच आला. जे कोणी करता कामा नये, नेमकं तेच करायला आमची सूचना सांगत होती.

दोष सेलच्या आत होता. लिथियम-आयन सेलमध्ये दोन टोकांच्या मधे एक अतिशय पातळ पडदा असतो. त्या लॉटमध्ये जोडणी करताना धातूचे बारीक कण आत राहिले होते. असा कण पडदा भेदतो, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं आणि सेल स्वतःच तापत जातो. चार्जिंग सुरू असताना धोका जास्त, पण खणात नुसती पडलेली पॉवर बँकही पेटू शकते. काल गार होती म्हणून ती आज सुरक्षित आहे असं ठरत नाही. त्यामुळे 'गरम झाल्यास' हे दोन शब्द जायलाच हवे होते.

'स्वेच्छेने', 'खबरदारी', 'क्वचित' यांवर दुपारी बराच वाद झाला. मी युरोपीय संघाचा २०२३ चा उत्पादन सुरक्षा नियम समोर ठेवला. परत मागवण्याच्या सूचनेत धोका सौम्य वाटेल असे शब्द टाळा, असं तो सांगतो आणि उदाहरणादाखल हेच शब्द देतो. कायदा विभागातल्या साहेबांची भीती वेगळी होती: "पेटते असं छापलं तर आपणच कबुली दिल्यासारखं होईल." मी म्हटलं, "साहेब, तीन पेटल्यात. ते लपवून चौथी पेटली तर काय सांगणार?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच 'अतिताप' खोडून 'पेट घेऊ शकते, भाजू शकते' असं लिहिलं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

उरलेला वेळ 'काय करावं' यात गेला. नुसतं 'परत करा' म्हटलं की लोक कुरिअरने पाठवतात, आणि सदोष लिथियम बॅटरी पार्सलांच्या ढिगात गेली की धोका आणखी वाढतो. 'वापरू नका' म्हटलं की ती कचऱ्यात जाते आणि कचरागाडीत दाबली जाऊन तिथे आग लागते. शेवटी सूचना अशी झाली:

'ही पॉवर बँक पेट घेऊ शकते. बंद असली तरीही. आत्ताच वापर थांबवा. चार्ज करू नका, तपासूनही पाहू नका. कागद, कपडे, अंथरूण यांपासून दूर ठेवा. फुगली असेल तर दाबू नका, उघडू नका. कचऱ्यात टाकू नका, कुरिअरने पाठवू नका. खालील क्रमांकावर फोन करा, ती कुठे आणून द्यायची ते आम्ही सांगू. पैसे परत मिळतील, बिल लागणार नाही.'

बिलाच्या मुद्द्यावर मी अडून बसलो होतो. भेट मिळालेल्या वस्तूचं बिल कोणाकडे असतं? 'बिल आणा' असं वाचलं की असा माणूस फोनच करत नाही आणि वस्तू घरात तशीच राहते.

मसुदा मी पुन्हा ताईंकडे नेला. या वेळी त्या म्हणाल्या, "लांब ठेवेन आणि फोन करेन." सहा वाजता सूचना जाहीर झाली.

पावणेसातला आलेला एक फोन त्यांनी मला जोडून दिला. पलीकडे एक आजोबा होते. "लॉट नंबर तुम्ही दिलाय, पण तो आहे कुठे? मला तर सापडतच नाही." मी माझ्या हातातली पॉवर बँक उलटी केली. काळ्या प्लास्टिकवर राखाडी अक्षरं, तांदळाच्या दाण्याहून लहान, तीही चार्जिंगच्या छिद्राखाली. दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय मलाही वाचता येईना. दिवसभर आम्ही एकेका शब्दावर भांडलो होतो, पण नंबर शोधायचा कुठे हे लिहायचं राहून गेलं होतं.

"आजोबा, तिला राहू द्या, नंबर शोधू नका," मी म्हणालो. "तुमची त्यातलीच आहे असं धरून चला." त्यांना कुठे ठेवायची ते सांगितलं, मग त्या जागेचा फोटो काढला, अक्षरांभोवती लाल गोल केला आणि सूचनेत एक ओळ वाढवली: 'नंबर वाचता येत नसेल तरी फोन करा.' साडेसातला सुधारलेली सूचना लागली.