तुम्ही विचारलंत म्हणून: एक्झिमा, अंडं आणि शेंगदाणे

«एवढा एक्झिमा आहे म्हणजे त्याला नक्की कशाची तरी ॲलर्जी असणार. एकदाच्या सगळ्या टेस्ट करून का नाही टाकत? आणि अंड्यानं एवढं झालेलं असताना शेंगदाणे कसे काय देतेस गं?»

माझ्या मुलाच्या गालांवर एक्झिमाचे कोरडे, खाजरे चट्टे आले तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. अंड्याचा कणही त्याच्या तोंडात गेलेला नव्हता. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्याच आवाजाचा कंटाळा येतो, पण सगळं इथूनच सुरू होतं. त्याची त्वचा आधीपासूनच कोरडी होती, तिला चिरा होत्या. भारी एक्झिमा असलेल्या बाळांमध्ये अन्नाची ॲलर्जी बरीच दिसते हे खरं आहे. पण त्याचं कारण बहुतेक उलट्या दिशेनं लावलं जातं. घरात दाण्याचं कूट उडतं, अंडं फोडलेला हात बाळाला लागतो, आणि ते फाटक्या त्वचेतून शरीरात शिरतं. तिथून शिरलेल्या अन्नाला शरीर शत्रू मानायला लागतं. तेच अन्न तोंडातून, पोटातून गेलं तर ओळखीचं होतं. लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांनी ही मांडणी केली, आणि आज बहुतेक ॲलर्जीतज्ज्ञ ती गंभीरपणे घेतात.

म्हणून आमच्याकडे पहिलं बदललं ते खाणं नाही, न्हाऊमाखू. डाळीच्या पिठानं घासणं बंद, मोहरीचं तेल बंद. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची अंघोळ, टिपून घेतलेलं अंग, लगेच चट्ट्यांवर स्टेरॉइडचं मलम आणि बाकी अंगभर जाड मॉइश्चरायझर. मलम किती, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर जेवढी रेघ बसते तेवढं त्याच मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला. आत्याबाईंना स्टेरॉइड शब्दाचीच भीती, त्यामुळे त्या मलम डोळ्यात घालायच्या काजळासारखं लावायच्या आणि मग 'औषधानं काहीच होत नाही' म्हणायच्या.

मीसुद्धा तेव्हा दूध, अंडं, गहू सोडून बसले होते. अंगावर पाजते, मग माझ्यातूनच जात असणार, असा माझा हिशेब. चट्टे तसेच राहिले, मी मात्र अशक्त झाले. आजही त्या काळातली मी माझ्याशी भांडते: काहीतरी करायला नको का? करायला हवं होतं ते मलम नीट लावणं, हे तिला पटत नाही.

अंडं सातव्या महिन्यात दिलं. नीट उकडलेलं, अर्धा चमचा. पंधरा मिनिटांत हनुवटीपासून मानेपर्यंत गांधी उठल्या, मग दोन उलट्या. दवाखान्यात नेलं, तासाभरात उतरलं. ही खरी ॲलर्जी. ती अशी दिसते: खाल्ल्यावर मिनिटांत, फार तर दोन तासांत, आणि प्रत्येक वेळी. 'परवा वरण खाल्लं म्हणून आज खाजवतोय' ही तशी गोष्ट नाही. चट्टे उशिरानं भडकवणारं अन्नही क्वचित असतं, पण ते ओळखायला आधी त्वचा आटोक्यात आणावी लागते, नाहीतर घाम, लोकर, सर्दी, दात यांतलं कोण काय करतंय ते कळतच नाही.

यानंतर सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, आता पूर्ण पॅनेल कर. रक्तातून चाळीस-पन्नास पदार्थ. ॲलर्जीतज्ज्ञ नाही म्हणाले आणि त्यांचं कारण मला अजून पाठ आहे. एक्झिमाच्या बाळांच्या रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड, मुळातच जास्त असतं, त्यामुळे निम्मी यादी लाल होऊन येते. प्रतिपिंड आहे म्हणजे ॲलर्जी आहे असं नव्हे. तो रोज पोळी मजेत खातोय आणि कागदावर गहू लाल आला, तर तुम्ही पोळी बंद करणार. मग काही महिन्यांनी परत दिली की खरीच ॲलर्जी उभी राहू शकते, कारण तोंडाची ओळख तुटलेली असते. जो पदार्थ बाळ बिनबोभाट खातंय, त्याची टेस्ट करायची नाही. आणि आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या त्या महागड्या टेस्टवर तर एक रुपया घालवू नका.

शेंगदाण्याची टेस्ट मात्र केली. भारी एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेंगदाणा देण्याआधी टेस्टचा जरूर विचार करावा असं अमेरिकेच्या 2017 च्या मार्गदर्शनात आहे, आणि त्याला दोन्ही होतं. खाजेचं औषध आठवडाभर आधी बंद केलं. पाठीवर थेंब, टोकदार काडीचा स्पर्श, पंधरा मिनिटं. शेंगदाण्याची गाठ आली तीन मिलिमीटर. म्हणजे ना हो, ना नाही. आठ आली असती तर बहुधा ॲलर्जीच आहे म्हणून थांबलो असतो. तीन म्हणजे डॉक्टरांसमोर खाऊ घालून पाहणं.

तो दिवस. सर्दी-ताप नाही हे पाहून त्याचं वजन केलं, कारण गंभीर ॲलर्जी उठली तर टोचायच्या ॲड्रेनॅलिनचा डोस वजनावर ठरतो, आणि ते टेबलावर समोर ठेवलं. मग डॉक्टरांनी पेनानं त्याच्या अंगावरच्या जुन्या चट्ट्यांभोवती गोल केले, म्हणजे नवं काही उठलं तर जुन्यात मिसळायला नको. तोंडाभोवती व्हॅसलीन. मऊ पीनट बटर कोमट पाण्यात पातळ केलेलं. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर जेमतेम. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग थोडं जास्त. तिसऱ्या घासानंतर हनुवटीवर लाल डाग आला. मी उठले. मला अंड्याचा तो दिवसच दिसत होता. डॉक्टरांनी ओल्या कपड्यानं पुसलं आणि म्हणाले, 'बसा. सांडलेलं लागलंय तिथेच आहे का ते बघू.' मी त्याच्या पोटावरचा झबल्याचा बंद सोडून मिनिटामिनिटाला बघत होते. डाग पसरला नाही, उलटी नाही, आवाज बसला नाही, तो हसत खुळखुळा आपटत होता. पुढचा घास दिला. एकूण दोन चहाचे चमचे पोटात गेल्यावर दोन तास बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं.

शेंगदाणे का देते, तर अशाच बाळांवर झालेल्या अभ्यासामुळे. शेंगदाणा देणं आणि टाळणं यांची तुलना करणाऱ्या लंडनमधल्या 2015 च्या लीप चाचणीत अशी 640 बाळं होती. ज्यांना टेस्टमध्ये माझ्या मुलासारखी बारीक गाठ आली होती, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळणाऱ्या शंभरांत साधारण 35 जणांना पाच वर्षांचं होईपर्यंत ॲलर्जी झाली. खात राहिलेल्यांत 11 जणांना. म्हणजे खाणंही खात्री देत नाही, पण टाळणं फार महागात पडतं. त्यामुळे आठवड्यातून तीनदा, नाचणीच्या पेजेत बारीक लोण्यासारखी वाटलेली दाण्यांची पेस्ट. अख्खा दाणा किंवा जाडंभरडं कूट नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अंडं आधी दिलं असतं तर? जपानच्या पेटिट चाचणीत एक्झिमाच्या बाळांना सहाव्या महिन्यापासून तापवलेल्या अंड्याची चिमूटभर भुकटी दिली, तर वर्षाचं होताना त्यांच्यात अंड्याची ॲलर्जी 8 टक्के, न दिलेल्यांत 38. पण तिथे त्वचा आधी औषधानं साफ ठेवली होती आणि मात्रा नगण्य होती. माझ्याकडे तेव्हा दोन्ही नव्हतं. सहाव्या महिन्यात दिलं असतं तर चाललं असतं, की आधीच बिघडलं असतं, मला ठरवता येत नाही. नवरा म्हणतो चाललं असतं. मी म्हणते तुला काय माहीत.

आता तो दोन वर्षांचा आहे. दाण्याची चटणी लावून पोळी खातो, अंडं बंद आहे, पुढे केकमध्ये भाजलेलं अंडं दवाखान्यातच देऊन बघणार आहोत. आणि अंडं पूर्ण बंद असूनही थंडी पडली की कोपराच्या खाचेत चट्टे येतातच.