डावा पाय क्लचवर असताना

“ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणते, मला गाडी शिकव. हिला खरंच शिकायचंय, की माझ्यात रस आहे? कसं ओळखायचं?”

आधी तिला एवढंच विचारा, की तुझ्याकडे लायसन्स आहे का. मोठं माणूस ओळखीच्या कुणाला तरी ‘मला गाडी शिकव’ म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा त्याच्या पाकिटात पक्कं लायसन्स असतं आणि गाडी मात्र येत नसते. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. गाडी बंद पडायला आली की तो हळूच आपला क्लच दाबतो. दोन्ही पेडल जोडलेले असल्यामुळे शिकणाऱ्याच्या पायाखालचा पेडलही आपोआप खाली जातो. त्याला वाटतं, जमलं. मग घरची गाडी काढल्यावर ती सोसायटीच्या फाटकातच तीनदा बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि गाडी पुन्हा झाकणाखाली जाते. अशा माणसाला पुन्हा शाळेत जायची लाज वाटते. घरच्यांसोबत बसलं की भांडणं होतात. मग उरतो तो ओळखीतला, न ओरडणारा माणूस. तुम्हाला विचारलं गेलं, त्याचं कारण एवढंच असू शकतं.

एवढंच असेल असंही मी म्हणत नाही. पूर्वी मी सरळ सांगून मोकळी व्हायचे: लर्निंग लायसन्स काढून आली तर शिकायला आली, नाही काढलं तर तुमच्यासाठी आली. आता तसं सांगत नाही. लायसन्स दोन्ही कारणांनी काढलं जातं, आणि दोन्ही कारणांनी राहूनही जातं. ते काढायला लावाच, पण कायद्यासाठी. लर्निंग लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती रस्त्यावर गाडी द्यायची नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेल्या माणसाने गाडी थांबवता येईल अशा जागी बसायचं. हे सगळं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. तसं केलं नाही आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

मला ओळखता येतं ते शिकणं. मनातलं मला ओळखता येत नाही, आणि तुम्हालाही त्या सीटवरून ते येणार नाही.

शिकणं ओळखायचं ते असं. मोकळं, सपाट मैदान घ्या. सीट इतकी पुढे हवी की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. गुडघा ताठ झाला तर पाय सावकाश उचलता येत नाही, तो सुटतो. आता क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायला सांगा. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. हॅन्डब्रेक सोडून क्लच अगदी सावकाश वर आणायला सांगा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, सीटखाली थरथर जाणवते आणि गाडी सरकायला लागते. क्लच पकडतो ती हीच जागा. तिथे पाय तसाच धरून तीनेक सेकंद थांबायचं, गाडी नीट चालायला लागली की उरलेला पाय सोडायचा. घाईने सोडला तर फिरतं इंजिन एकदम थांबलेल्या चाकांना जोडलं जातं, त्याचा वेग रिकाम्या इंजिनाच्या वेगाखाली येतो, गचका बसतो आणि गाडी बंद पडते.

हे वीस-पंचवीस वेळा करायचं असतं, आणि ते कंटाळवाणं असतं. गाडी वीस फूट जाते, थांबते, पुन्हा तेच. ज्याला शिकायचंय तो पाचव्या-सहाव्या वेळी तुमच्याकडे बघणं सोडून देतो. ‘आत्ता का बंद पडली?’ असं विचारतो. तुम्ही ‘चल, आता रस्त्यावर जाऊ’ म्हणालात तर ‘थांब, अजून एकदा’ म्हणतो. ज्याला नुसती सोबत हवी आहे त्याला हा भाग लवकर संपायला हवा असतो, त्याला फेरी मारायची असते. पण यातही एक गोम आहे. घाबरलेला माणूससुद्धा हा भाग टाळतो, हसण्यावारी नेतो, इकडचं तिकडचं बोलतो. त्याच्या गप्पा तुमच्यासाठी नसतात, त्या भीती झाकण्यासाठी असतात. म्हणून ‘ती शिकत नाहीये’ एवढं कळलं तरी ‘मग तिला माझ्यात रस आहे’ हे त्यातून निघत नाही.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले त्याचं सांगते. असाच प्रश्न विचारणाऱ्या एकाने मला काय घडलं ते बारकाईने सांगितलं. दोन रविवार मैदानावर गेले, ते बरे गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी तो तिला पुण्याच्या बाजूने जुन्या कात्रज घाटात घेऊन गेला. चढावर पुढे एक टेम्पो थांबला, म्हणून तिने गाडी थांबवली. पहिला गिअर, डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. टेम्पो निघाला. तो म्हणाला, ब्रेक सोड आणि रेस दे.

पहिली चूक इथे झाली, आणि ती त्याच्या सूचनेत होती. चढावर उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडीला धरणारं कुणीच नसतं. काही नव्या गाड्या ती दोन-तीन सेकंद स्वतःहून धरून ठेवतात, ही धरत नव्हती. म्हणून चढावर आधी हॅन्डब्रेक पूर्ण ओढायचा आणि मग पायब्रेक सोडायचा. थोडी रेस द्यायची, क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणायचा. तिथे बॉनेट किंचित वर उचललं गेलेलं दिसतं, गाडीचा मागचा भाग दबल्यासारखा होतो. म्हणजे इंजिन आता गाडीला वर ओढतंय आणि हॅन्डब्रेक तिला अडवतोय. मगच हॅन्डब्रेकचं बटण दाबून तो खाली सोडायचा. तो सोडताना क्लचचा पाय हलता कामा नये. हे सगळं आधी हलक्या चढावर, रहदारी नसताना करून घ्यायचं असतं. घाट ही त्याची पहिली जागा नव्हे.

ब्रेक सुटला, गाडी मागे सरकली. ती दचकली. आणि तेव्हा त्याने ‘घाबरू नकोस’ म्हणत गिअरवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे असतं. हॅन्डब्रेक दोघांच्या मध्ये, गिअरच्या मागे. त्याच्यापर्यंत चालवणाऱ्याचा डावा हात पोचतो आणि शेजारच्याचा उजवा. त्या क्षणी तिचा डावा हात गिअरवर त्याच्या हाताखाली होता, आणि त्याचा उजवा हात तिच्या हातावर. गाडी थांबवू शकणारे दोन हात होते, ते दोन्ही गिअरवर अडकले. तिचं लक्ष पायावरून हाताकडे गेलं आणि क्लच सुटला. गचका बसून इंजिन बंद पडलं. गाडी त्या क्षणी गिअरमध्ये होती, पाय तसाच सुटा राहिला असता तर बंद इंजिननेही तिला बरंचसं धरलं असतं. पण घाबरून तिने क्लच पुन्हा तळापर्यंत दाबला. चाकं मोकळी झाली. उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता, आणि इंजिन बंद असताना त्याचा काही उपयोग नव्हता. तो ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडत राहिला, मग त्याला हॅन्डब्रेक आठवला. मागचा स्कूटरवाला बाजूला झाला होता म्हणून कुणाला लागलं नाही. ती उतरली, शेजारच्या सीटवर जाऊन बसली, घरापर्यंत काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने मोटर ट्रेनिंग स्कूल लावलं.

त्याने मला विचारलं, ‘हात ठेवला तेव्हा तिने काढून घेतला नाही. मग रस होता ना? आणि नंतर आली नाही, म्हणजे नव्हता का?’

हात काढून घ्यायला तिच्याकडे वेळ तरी होता का? नवशिक्याचं सगळं चित्त डाव्या पायाच्या पंज्यात असतं. बाहेरचा हॉर्नसुद्धा त्याला उशिरा ऐकू येतो. तशा अवस्थेत तो हसला, गप्प राहिला, हात तसाच ठेवला, यातलं काहीच उत्तर म्हणून धरता येत नाही. आणि ती नंतर आली नाही याचं कारण मला चढावरची भीतीही वाटते आणि तो हातही वाटतो. कदाचित रस असेलही आणि तो त्या चढावर संपला असेल. मला माहीत नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला, त्याला हो किंवा नाही हवं होतं.

स्वयंपाकाबद्दल हेच विचारणारे असतात, पण तिथे माझा जीव एवढा टांगणीला लागत नाही. भाकरी शिकायला आलेल्याला पिठात हात घालू द्या. भाकरीला कडा फुटल्या तर शिकणारा विचारतो की पाणी गार पडलं होतं, की पिठाची विरी गेली होती. सोबतीला आलेला भाजलेली भाकरी आवडीने खातो. दोघंही कधीही उठून बाहेर जाऊ शकतात, ओट्यापासून दार चार पावलांवर असतं. चालत्या गाडीत शिकणाऱ्याला उठता येत नाही, विषय बदलता येत नाही, तुमच्याकडे नीट बघताही येत नाही. म्हणून मी गाडीबद्दल एवढी अडून बसते.

तेव्हा शिकवायचं ठरवलंत तर तुमचा उजवा हात पूर्ण वेळ हॅन्डब्रेकच्या जवळ हवा, दुसरीकडे कुठेही नको. गाडी चालती असताना तो ओढायची वेळ आली तर बटण दाबलेलं ठेवून हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. तुमच्या गाडीत दांड्याऐवजी बटणाचा हॅन्डब्रेक असेल तर चालत्या गाडीत तो कसा वागतो हे आधी तिच्या पुस्तकात वाचा. गिअर चुकला तर तोंडाने सांगा. पहिले धडे दुहेरी पेडलच्या गाडीत होऊ द्या, पण शिकवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की क्लचला पाय लावायचा नाही, बंद पडू दे. नंतरच्या सरावाला तुम्ही बसा.

आणि रस तुमचा असेल, जो हा प्रश्न विचारणाऱ्यांचा बहुतेकदा असतो, तर तिच्या वागण्यात त्याचा पुरावा शोधत बसू नका. धडा नसेल त्या दिवशी, गाडीबाहेर, जिथून ती तुमच्या मदतीशिवाय घरी जाऊ शकेल अशा जागी विचारा. ती नाही म्हणाली आणि तरीही शिकायचंय म्हणाली, तर सरावाला तुमच्याऐवजी कोण बसेल हे तिला ठरवू द्या. ‘एल’च्या पाट्या तिच्याकडे देऊन टाका.