मिरचीचा शेंडा एकदाच खुडायचा

“काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, शेंडा खुडला की मिरच्या जास्त लागतात. मी दर पंधरा दिवसांनी खुडतेय. झाड गोल गरगरीत झालंय, पण फूल औषधाला नाही. असं का?”

खुडताय म्हणूनच. मी शेंडा खुडा म्हणाले होते ते एकदा, आणि तेही झाडाने स्वतः दुबेळकं काढण्याआधी. पुढचा भाग बहुधा मीच नीट सांगितला नाही, कारण हा प्रश्न मला कॉलनीत आणि भाजीच्या रांगेत दर पावसाळ्यात ऐकू येतो.

आपण नाशिकची माणसं. छाटणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग येते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी बाग, त्यामुळे मीही बरीच वर्षं मिरचीला द्राक्षाचाच कायदा लावत होते. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात घड आधीच बसतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीने आपण तो डोळा फोडतो. मिरचीत असला राखीव साठा नसतो. तिचं फूल वाढत्या शेंड्यावरच बनतं.

एखादं रोप रोज बघा. सुरुवातीला एकच दांडा सरळ वर जातो, एकाआड एक पानं काढत. आठ-दहा-बारा पानं झाली की शेंडा थांबतो आणि तिथेच पहिली कळी येते. कळीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, म्हणजे इंग्रजी वायसारखं दुबेळकं. त्या दोन फांद्या थोड्या वाढतात, प्रत्येकीच्या टोकाला पुन्हा कळी, पुन्हा दोन फांद्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दर बेचक्यात एक फूल. म्हणजे दुबेळकं फुटल्यावर तुम्ही जो शेंडा खुडता, त्याच्यात बारीक मोहरीएवढी कळी दडलेली असते. पंधरा दिवसांनी तुम्ही फुलंच खुडून टाकताय, पानं समजून.

मग एकदा तरी का खुडायचं? दांड्याचा शेंडा जिवंत असतो तोवर तो खालच्या बगलफुटींना दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली उतरतं आणि बगलेतले डोळे झोपलेले राहतात. शेंडा गेला की वरचे तीन-चार डोळे एकदम जागे होतात. मग दुपटीचा हिशेब एका दांड्यापासून सुरू न होता तीन-चार फांद्यांपासून सुरू होतो. सगळा फायदा एवढाच. तो घ्यायचा तर रोप वीतभर उंच आणि सहा-आठ खऱ्या पानांचं असताना घ्यायचा. बियाण्यातून निघालेली पहिली दोन गुळगुळीत पानं मोजायची नाहीत. वरून दोन पानांसकट कोवळं टोक, पानाच्या जोडाच्या किंचित वर, नखाने चिमटायचं. कात्री लागली तर समजा उशीर झालाय. सकाळी खुडावं, म्हणजे जखम दिवसभरात वाळते. आणि तंबाखू मळलेल्या हाताने कोणालाही रोपाजवळ जाऊ देऊ नका, साबणाने हात धुवायला लावा. तंबाखूतला मोझॅक विषाणू त्या हातावरून मिरचीत शिरतो. आमच्याकडे ही सूचना घरातल्याच एका व्यक्तीला दरवर्षी द्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात मी हिशेब ठेवला होता. एकाच ट्रेमधली, लांब हिरव्या मिरचीची दोन रोपं, बारा इंची दोन कुंड्या, माती आणि शेणखत तेच, गच्चीचा कोपरा तोच. जुलैच्या मध्यावर एकाचा शेंडा खुडला, दुसऱ्याला हात लावला नाही. न खुडलेल्याने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फूल दाखवलं. खुडलेलं पंधरा-अठरा दिवस मागे पडलं, आणि गणपतीत ठेचा केला तो पूर्ण न खुडलेल्या झाडाच्या जिवावर. तेव्हा मला वाटलं, काकू, फुकट वाट बघितली. दसऱ्याला दोन्ही बरोबरीत आली. दिवाळीपर्यंतची बेरीज वहीत आहे: न खुडलेल्याच्या 47 मिरच्या, खुडलेल्याच्या 71. शिवाय न खुडलेलं झाड उंच होऊन सप्टेंबरच्या वाऱ्यात लवंडलं, त्याला काठी बांधावी लागली. खुडलेलं बुटकं, रुंद, स्वतःच्या पायावर उभं.

आता यावरून कायदा करू नका. एकाच जोडीचा हिशेब आहे. त्याच वेळी सहा इंची दोन डब्यांतही हाच खेळ केला होता, तिथे काहीच फरक पडला नाही. मुळांना जागा नसेल तर चार फांद्या काय खाणार? ऊन दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा कमी असेल तरीही तेच. आणि लवंगीसारखी जात आपणहून झुडूप होते, तिला मी खुडतच नाही. उशिरा लावलेल्या रोपालाही नाही, कारण दोन-तीन आठवडे मागे पडलं की फुलं थेट नाशिकच्या थंडीत सापडतात आणि डिसेंबरच्या रात्री फळ धरत नाही.

जुन्या झाडाची गोष्ट वेगळी. वर्षभर मिरच्या देऊन फांद्या काटकुळ्या झाल्या, फळं आखूड निघू लागली की कात्री खरंच लागते. पहिल्या दुबेळक्याच्या वर प्रत्येक फांदीवर दोन-तीन जोड ठेवून बाकी उडवायचं. वेळ जूनची, पहिला पाऊस पडून हवा थंडावल्यावर. मी एकदा माहेरी खरड छाटणी चालू होती त्या उत्साहात एप्रिलमध्येच चार झाडं छाटली. पानांची सावली गेली, मेच्या उन्हात दांडा एका बाजूने भाजून पांढरा पडला आणि दोन झाडं गेली. तिसरं मी पाण्याने मारलं. पानं नसताना झाड पाणी ओढत नाही हे विसरून रोज तांब्या ओतत होते, मुळं कुजली. छाटल्यावर बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नको. आणि पानं आधीच आकसलेली असतील, होडीसारखी वर वळली असतील तर फुलकिडे शोधा, खाली वळली असतील तर कोळी. कात्रीने ते जात नाहीत.

तुमच्या गरगरीत झाडाचं म्हणाल तर हात मागे घ्या. जीवामृत, युरिया, तांदळाचं पाणी, जे काही दर आठवड्याला ओतताय ते महिनाभर बंद, कारण नत्राने नुसती पानं वाढतात. आतल्या बाजूच्या, उजेड न मिळणाऱ्या दोन-चार बारीक फांद्या बुडातून काढा, बाहेरच्यांना शिवू नका. तीन आठवड्यांनी फांदीच्या टोकाला, दोन पानांच्या मध्ये, मान खाली घातलेली हिरवी कळी दिसेल. ती शेंडा नाही.