वाढदिवसाच्या दिवशीचे अकरा आवाज

मी नाशिकमध्ये दृष्टिबाधित मुलांची फिरती विशेष शिक्षिका आहे. त्या दिवशी सिडकोतल्या एका घरी गेले होते. आईने आग्रहाने बोलावलं होतं, छकुलीला सहावं वर्ष पूर्ण होत होतं. ती अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली, डोळ्यांचा पडदा वेळेत तपासला गेला नाही, आणि आता तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बाळाचे डोळे कोणी वेळेवर पाहिले नाहीत, याचा राग मला अजून येतो. पण ते वेगळं.

घरात पंचवीसेक माणसं. दिवाणावर अकरा भेटी. त्यातल्या नऊ बॅटरीच्या. बोलणारी बाहुली, इंग्रजी मुळाक्षरं म्हणणारी पाटी, भुंकणारा कुत्रा, सायरनची पोलीस गाडी. प्रत्येकाने आपापलं खेळणं स्वतः उघडून, बटण दाबून तिच्यापुढे धरलं. कागद फाडायलाही तिला मिळाला नाही. खरं तर कागद फाडणं हाच तिच्यासाठी भेटीतला सगळ्यात चांगला आवाज असतो. हात हलतो तसा तो वाढतो, थांबला की थांबतो.

छकुली अगदी स्थिर बसली होती. मान किंचित खाली, दोन्ही हात मांडीवर. "बघा, किती लक्ष देऊन ऐकतेय," असं तिची मावशी म्हणाली. अंध मूल ऐकताना खरंच स्थिर होतं, त्यामुळे बघणारा फसतो. पण ऐकणारं मूल मधेच बोटं हलवतं, हात आवाजाकडे नेतं. छकुलीने थोड्या वेळाने उजव्या हाताची मूठ डोळ्यावर दाबली आणि दाबून धरली. पडद्याचा आजार असलेली बरीच मुलं असं करतात. डोळा दाबला की आत उजेडाचे ठिपके दिसतात. बाहेर करण्यासारखं काही उरलं नाही की हात डोळ्याकडे जातो. माझ्यासाठी ती घंटाच असते. खेळ तुटला, असं समजायचं.

मग मी माझी भेट काढली, आणि इथेच माझी चूक. मी घुंगरांचा चेंडू आणला होता. तिच्याकडे लोटला. चेंडू खुळखुळत आला, तिच्या गुडघ्याला लागून वळला आणि दिवाणाखाली जाऊन थांबला. थांबला म्हणजे तिच्यासाठी नाहीसा झाला. घुंगरू फिरताना बोलतो, पडून राहिला की गप्प. डोळस मूल पडलेला चेंडू बघत जातं. या मुलीला तो कुठे गेला हे कळायला एकच मार्ग होता आणि तोही संपला. वर सतरंजीने अर्धा आवाज खाल्ला होता आणि पंख्याने उरलेला. हे मी दहा पालकांना सांगते, आणि भर समारंभात तेच केलं.

मुलीचे मामा बाजूला उभे होते. पोलीस गाडी त्यांचीच. त्यांनी विचारलं, "मॅडम, मग आणायचं तरी काय?" मी म्हणाले, "दादा, आवाज करणारं नको, आवाज करायला लावणारं आणा." चारचौघांत, जरा तिखटपणे. त्यांनी पगारातून आणली असणार ती गाडी. त्यांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

त्या संध्याकाळचा एक प्रसंग मात्र चांगला घडला, आणि त्यात माझं श्रेय नाही. आजी स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा आवरत होत्या. छकुली उठली, भिंतीला हात लावत त्या खडखडाटाकडे गेली आणि म्हणाली, "आजी, हे मोहरीचं आहे ना?" तीच मुलगी, जी अकरा आवाजांपुढे हलली नव्हती.

पुढच्या भेटीला मी डब्यांच्या जोड्या घेऊन गेले. डबी हलवायची आणि सारख्या आवाजाची दुसरी शोधायची. हा खेळ मी नेहमी करते, तरी प्रत्येक घरी तो नव्याने जमवावा लागतो. आधी भांडी बाजारातून स्टीलच्या छोट्या डब्या घेतल्या होत्या. त्या फेल गेल्या, कारण स्टील स्वतःच इतकं वाजतं की आतला तांदूळ आणि मूग सारखेच वाटतात. गोळ्यांच्या पांढऱ्या प्लास्टिक डब्या बऱ्या. सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येकीत दोन चमचे, म्हणजे डबी साधारण पाव भरते. गच्च भरली तर दाण्यांना पडायला जागाच राहत नाही. सुरुवात तीन जोड्यांनी: हरभरे, राजगिरा, साबुदाणा. झाकणावर चिकटपट्टी, कारण दाणे नाका-कानात जायचा धोका असतो. डब्या परातीत ठेवायच्या, म्हणजे घरंगळल्या तरी काठाला अडतात आणि तिच्या हाताला सापडतात.

तिसऱ्या दिवशी मी धण्यांची चौथी जोडी घातली. तिने ती एका क्षणात लावली, कानाशी न नेताच. डबी नाकाशी नेली होती! झाकणातून वास येत होता. मी जोडी काढली नाही. आईला एवढंच सांगितलं, वासाची जोडी मोजायची नाही, पण बंदही करायची नाही.

चेंडूचंही दुरुस्त केलं. चेंडू जाळीच्या पिशवीत घालून हातभर दोरी बांधली, दुसरं टोक दिवाणाच्या पायाला. दोरी तिच्या अंगाला कधीच बांधायची नाही आणि मोठं कोणी जवळ असतानाच खेळायचं. सतरंजी काढून कोट्याच्या फरशीवर खेळ, पंखा बंद. चेंडू गप्प झाला की ती दिवाणाच्या पायापासून दोरी चाचपत त्याच्यापर्यंत जाते. लोटण्याआधी मी "येऊ?" विचारते, ती "ये" म्हणेपर्यंत थांबते. अंधांच्या क्रिकेटमध्येही गोलंदाज फलंदाजाला आधी विचारून घेतो, आतून खुळखुळणारा चेंडू हात खालून फिरवून टाकतो. तीच पद्धत इथेही कामी येते, नाहीतर चेंडू अचानक अंगावर आदळतो आणि मूल खेळालाच घाबरतं.

बॅटरीच्या खेळण्यांचं काय करायचं, हे आईने विचारलं. आठ कपाटात, एक बाहेर. कर्कश खेळण्याच्या स्पीकरच्या जाळीवर पॅकिंगच्या पट्टीचे दोन थर लावले की आवाज बराच उतरतो. शिवाय एकसुरी 'टीं टीं' कुठून येते हे कानाला नीट ओळखू येत नाही. खुळखुळा, टाळी, कागद, दाणे यांची जागा चटकन सापडते. भुंकणारा कुत्रा मी स्वतः डोळे मिटून शोधायचा प्रयत्न केला, तीनदा चुकले.

महिन्याने गेले तर मामा आलेले. त्यांना बघून मला बोलायचं सुचेना. पोलीस गाडी फरशीवर होती आणि सायरन वाजत नव्हता. मामांनी बॅटऱ्या काढून टाकल्या होत्या, मला न विचारता. छकुली टपावर हात ठेवून गाडी ढकलत होती, कोट्यावर चाकांची घरघर मोठी होती. भिंत जवळ आली तशी आई "थांब!" म्हणून उठली. छकुली वीतभर अंतरावर आधीच थांबली होती. गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. भिंतीपाशी घरघर बदलते, ते ती ऐकत होती.

मामांना मी "दादा, त्या दिवशी..." एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, चाकं थोडी झिजवून पाहू का? अजून वाजतील." मग दोघं मिळून तिच्याकडेच बघत बसलो.