काष्टीच्या बाजारात पहिली कालवड विकली

आमच्या तीन गाई आणि मागच्या वर्षी तिघींना कालवडीच झाल्या, चारा मात्र पाच जनावरांपुरताच, म्हणून एक काढायची ठरली. ह्यांचा पाय प्लास्टरमधे त्यामुळे शनिवारी काष्टीच्या बाजाराला मीच गेले, सोबत दीर, पण तो टेम्पोपाशीच जास्त.

कालवड एचएफ क्रॉस, पंधरा महिन्यांची, अजून आदत म्हणजे दुधाचेच दात. एकदा माजावर आली होती पण भरवली नव्हती. उतरवली तोच गावाकडच्या ओळखीचा एक दलाल आला, वहिनी वहिनी करत, चहा पण पाजला. मला वाटलं चला आपला माणूस भेटला. त्याने एका व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं दाबून भाव केला आणि मला सांगितलं, पंचवीस हजार. रुमालाखाली खरंच पंचवीस झाले का अठ्ठावीस, मला कसं कळणार? मी म्हटलं तोंडाने बोला. तर तो हळूच म्हणतो, वहिनी, दोन महिन्यांची गाभण सांगू, दहा हजार वर मिळतील, अर्धे अर्धे करू. एवढ्या लवकर वरून काही दिसत नाही हे खरं, पण डॉक्टरने हात घालून तपासलं की खोटं उघडं पडतं, आणि तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकलेले. जो माझ्यासमोर त्याला फसवतोय तो रुमालाखाली मला सोडणार आहे होय? मी कासरा घेऊन बाजूला झाले.

मग पारगावकडचे एक दादा आले, बायको सोबत. कौतुक शून्य. दात बघितले, चालवून बघितली, सड मोजले, चारच्या मागे एक बारका पाचवा सापडला तो मला दाखवला. आणि विचारलं, ताई, ही जुळ्यातली नाही ना? जुळ्यात सोबत गोऱ्हा असला की कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, हे आमच्या डॉक्टरांनी पण सांगितलं होतं. म्हटलं नाही, एकटीच झाली, आईचं दूध दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर, भरवलेली नाही. त्यांच्या बायकोने विचारलं खायला काय घालता, तेव्हाच माझं मन बसलं. मी एकतीस म्हटलं, ते सत्तावीस, पाचव्या सडाचा हजार तोडून एकोणतीसवर आलो, सगळं तोंडाने.

त्यांनी ऑनलाइन पाठवले. स्क्रीन दाखवली पण मी बँकेचा मेसेज येईपर्यंत कासरा सोडला नाही, ते पण थांबले, रागावले नाहीत. बाजार समितीची पावती केली, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर त्यावर लिहून घेतला.

आमच्याकडे दावं देत नाहीत, म्हणून त्यांनी आपलं नवं दावं बांधलं. मी म्हटलं, मुरघास एकदम घालू नका, आठ दिवस हिरवा मकाच घाला, पोट बिघडतं तिचं. त्या बाईने मोबाईलमधे लिहून घेतलं.