रात्री साडेदहाचा फोटो

वैशाखातली दुपार होती. जळगावात या दिवसांत कूलरही गरम हवाच फिरवतो. तरी त्याच्या टाकीत दुसरी बादली ओतून मी जरा आडवी झाले, तोच भाचीने मोबाइलवर एकामागून एक सतरा फोटो टाकले. खाली एवढंच, "मावशी, तीन डेकोरेटर आहेत. स्टेज आणि माळांचे फोटो बघ आणि एक सांग." लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. झोप गेली ती गेलीच.

पहिल्या फेरीत सगळेच छान दिसतात. झेंडूच्या भिंती, मधे गुलाबांचा गोल, दोन्ही बाजूंना कुंड्या, खाली सोफा. दुसऱ्या फेरीत माझी जुनी खोड जागी झाली. मी फुलं सोडून बाकीचं बघायला लागले. एका फोटोत स्टेजच्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीत चक्क समुद्र. आपल्याकडे समुद्र कधी आला बाई? म्हणजे फोटो उचललेला. तो डेकोरेटर तिथेच बाद झाला आणि सतराचे अकरा राहिले.

मग एक जांभळट स्टेज. भाचीला हेच सगळ्यात आवडलेलं, मला मात्र रंग खरे वाटेनात. फोटोत कोपऱ्यात एक आजोबा बसले होते, डोक्यावर गांधी टोपी. ती टोपी फिकट जांभळी दिसत होती. टोपी कोणी जांभळी घालत नाही. म्हणजे सगळा उजेडच जांभळा, आणि त्या उजेडात केशरी झेंडू तपकिरी, शिळा दिसतो, तर खरोखरचा शिळा निशिगंध पांढराशुभ्र भासतो. पिवळ्या दिव्यांत उलटं होतं. ताजा निशिगंधही साय धरल्यासारखा दिसतो आणि पिवळी शेवंती त्याच्यात मिसळून नाहीशीच होते. तेव्हापासून मी फोटोत आधी पांढरं काहीतरी शोधते. टोपी, पंचा, खुर्चीचं कव्हर, काहीही चालतं. ते पांढरं दिसत असेल तरच फुलांच्या रंगांवर बोलायचं. भाचीला म्हटलं, दिवसाउजेडी, दिवे बंद करून काढलेला एक फोटो माग त्यांच्याकडे. ती म्हणाली, "मावशी, तो चांगला दिसत नाही." तेच तर!

निळी शेवंती मात्र कुठल्याही उजेडात मला चालत नाही. रंगाच्या पाण्यात ठेवून निळी केलेली असते ती, पाकळीच्या शिरा गडद आणि मधला भाग फिकट. असो, ती माझी चीड आहे.

भरगच्चपणाचं गणित मला आजीने शिकवलं, तेही फोटोशिवाय. अमळनेरजवळ तिचं गाव. मांडवाच्या आदल्या रात्री ओसरीत ओल्या गोणपाटावर झेंडूचा ढीग पडायचा आणि आम्ही पोरं सुई-दोरा घेऊन बसायचो. मला माळ लवकर लांब करायची घाई असायची, म्हणून फुलं विरळ ओवायची. आजी एक टोक हातात धरायची, माळ उभी लटकवायची आणि दोन फुलांच्या मधे करंगळी घालून बघायची. "बोट गयं तं ती माळ नही, दोरी से." आणि सगळी उसवायला लावायची. जमिनीवर पडलेली माळ नेहमी भरलेली दिसते, कारण फुलं एकमेकांच्या अंगावर लोळतात. लटकवली की वजनाने खाली सरकतात आणि वर दोरा उघडा पडतो. म्हणून वरमालेचा फोटो ताटात ठेवलेला आला की मला पटत नाही. गळ्यातला पाहिजे, आणि बघायचा तो मानेजवळचा भाग.

स्टेजचंही तसंच. फोटो बाजूने, तिरका काढला की माळा एकमेकींवर येतात आणि मधल्या फटी झाकल्या जातात. अगदी समोरून, जवळून काढला की मागचं कापड दिसतं. भाचीच्या उरलेल्या फोटोंपैकी एक असा समोरचा होता, आणि त्यात प्रत्येक दोन माळांमधे वीतभर कापड. मी कागद घेतला. स्टेज वीस फूट रुंद, माळा दहा फूट लांब. चार-चार इंचांवर माळ लावली तर साठेक माळा लागतात, म्हणजे सहाशे फूट. वीतभर अंतर ठेवलं, नऊ इंच धरा, तर सत्तावीस माळांत भागतं, दोनशे सत्तर फूट. म्हणजे निम्म्याहूनही कमी फुलं, आणि तिरका फोटो जवळपास सारखाच! भाव सांगताना दोघंही म्हणतात, "पूर्ण बॅकड्रॉप झेंडूचा." भाचीला सांगितलं, पूर्ण वगैरे राहू दे, दोन माळांमधे किती अंतर ते इंचात विचार आणि लिहून घे.

ताजेपणा मात्र फोटोत ओळखणं अवघड. झेंडू वरून टवटवीत दिसतो, पण ओल्या माळा प्लास्टिकच्या पिशवीत दाबून आणल्या असतील तर आतून घामेजतात आणि देठाची हिरवी वाटी काळी पडते. समोरच्या फोटोत ती वाटी दिसतच नाही. जरबेरा बिचारा प्रामाणिक, मान टाकून सांगतो. गुलाबाच्या वाळलेल्या बाहेरच्या पाकळ्या सोलून काढतात, मग फूल लहान आणि घट्ट मिटलेलं दिसतं, आणि आपण म्हणतो, वा, अगदी कळी!

पण खरी अडचण वेगळीच आहे. हे सगळे फोटो काढलेले कधी असतात? सजावट संपल्याबरोबर, पाहुणे यायच्या आत. आपलं लग्न गोरज मुहूर्ताचं. फुलं दुपारी दोनला लागणार, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत चार-पाच तास उभी राहणार, वरून मोठाले हॅलोजन, आणि खरी गर्दी रात्री आठनंतर. आपले पाहुणे ज्या तासाला स्टेजवर चढणार, त्या तासाचा फोटो कोणीच पाठवत नाही. मी भाचीला म्हटलं, दोघांनाही विचार, मागच्या उन्हाळ्यातल्या एखाद्या लग्नाचा जेवणं झाल्यानंतरचा फोटो आहे का?

एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने संध्याकाळी एक पाठवला, बहुधा त्याच्याच पोऱ्याने सामान सोडवायच्या आधी काढलेला. वर मोबाइलने वेळ छापलेली, रात्रीचे साडेदहा. झेंडू थोडा मलूल झालेला, पण माळा सरकलेल्या नव्हत्या. निशिगंधाची टोकं पिवळी पडलेली, ते होणारच. जरबेरा त्याने लावलाच नव्हता. खाली पाकळ्यांचा फार सडा नव्हता. मागचं कापड कुठे दिसत नव्हतं. आणि सोफ्यावर एक पोरगं आडवं झोपलेलं, एका पायात बूट आणि दुसरा पाय मोकळा.

मी लगेच लिहिलं, "हाच."

अर्ध्या तासाने भाचीचं उत्तर आलं, "हो मावशी, आम्हीपण हाच ठरवला. याचा सोफा मस्त आहे ना!"

मी हो म्हटलं. दुसरा बूट कुठे पडला असेल तो मात्र मी बराच वेळ फोटो मोठा करून शोधत होते.